तपशिलागणिक सार्वजनिक हित: खाजगी व्यक्तीविषयीची बातमी तपासण्याची रीत

एका काल्पनिक तालुक्यातील एक काल्पनिक गाव घेऊ. गावात जिल्हा परिषदेची एकच शाळा असून तिचा पट ९० आहे. एका मंगळवारी शालेय पोषण आहाराची खिचडी खाल्ल्यानंतर दोन-तीन तासांत ३८ मुलांना उलट्या सुरू होतात. त्यांना प्राथमिक आरोग्य केंद्रात नेले जाते आणि त्यांतील ११ जणांना पुढे उपजिल्हा रुग्णालयात हलवले जाते. आहार शिजवण्याचे काम गावातील एका महिला बचत गटाकडे आहे आणि त्या दिवशी खिचडी रांधली ती मानधनावर काम करणाऱ्या एका स्वयंपाकी-मदतनीस महिलेने. या लेखात आपण त्यांना केवळ ‘मदतनीस बाई’ म्हणू.

संध्याकाळी वार्ताहराच्या वहीत पुढील गोष्टी जमा झालेल्या आहेत. मदतनीस बाईंचे नाव, वय, वस्ती आणि जात. त्यांच्या उजव्या हाताला त्या दिवशी जखम होती व तिच्यावर कापडाची पट्टी होती, हे एका शिक्षकाने व दोन मुलांनी सांगितलेले. रुग्णालयातील एका कर्मचाऱ्याने बाजूला घेऊन दाखवलेला कागद, ज्यावरून बाई एचआयव्हीबाधित असल्याचे दिसते. नवऱ्याने त्यांना काही वर्षांपूर्वी सोडले, ही शेजारणीची माहिती. त्यांच्या मुलावर पूर्वी चोरीचा गुन्हा दाखल झाला होता, ही पोलीस ठाण्यातील माहिती. आहार वाटण्यापूर्वी शिक्षकाने चव घेऊन ज्या नोंदवहीत सही करायची, तिची मागील ९ दिवसांची पाने कोरी असल्याचे मोबाइलवर काढलेले छायाचित्र. सलाईन लावलेल्या मुलांची छायाचित्रे. आणि शाळेच्या आवारात पालकांनी घेरलेल्या, डोक्याला पदर लावून रडणाऱ्या बाईंची चित्रफीत, जी गावाच्या व्हॉट्सॲप गटांवर आधीच फिरते आहे.

वर्गात हे उदाहरण दिले की बहुतेक विद्यार्थी थेट प्रश्नाला भिडतात: ही बातमी सार्वजनिक हिताची आहे की नाही? उत्तर अर्थातच ‘आहे’ असे येते आणि त्या एका ‘आहे’च्या आडोशाने वहीतील सगळे तपशील छापखान्यात जातात. माझ्या मते या विषयातील बहुतेक चुकांचे मूळ इथेच आहे. बातमी सार्वजनिक हिताची असली म्हणून तिच्यातील प्रत्येक तपशील सार्वजनिक हिताचा ठरत नाही. तपासणी तपशिलागणिक करावी लागते. ती कशी करायची, हे याच वहीवर क्रमाने पाहू.

पहिली पायरी: सार्वजनिक प्रश्न एका वाक्यात लिहून काढा

बातमी लिहिण्यापूर्वी, वाचकाला नागरिक म्हणून कोणत्या प्रश्नाचे उत्तर मिळाले पाहिजे, ते एका वाक्यात कागदावर लिहावे. आपल्या उदाहरणात ते वाक्य असे होईल: ‘सरकारी खर्चाने मुलांना दिला जाणारा आहार कशामुळे बाधला आणि तो बाधू नये म्हणून नेमलेली तपासणी का झाली नाही?’ या वाक्यात शासन आहे, शाळा आहे, धान्याचा पुरवठा आहे, तपासणीची पद्धत आहे. मदतनीस बाई त्यात आहेत त्या केवळ एका कृतीपुरत्या: त्या दिवशीचा स्वयंपाक. त्यांचे लग्न, त्यांचा मुलगा आणि त्यांची जात या वाक्यात कुठेही बसत नाही.

हे वाक्य लिहिताना एक लबाडी सहज घडते, आणि अनुभवी संपादकही तिला बळी पडतात. प्रश्न इतका ऐसपैस लिहायचा की त्यात काहीही मावावे. ‘या घटनेमागील सत्य काय?’ असे लिहिले की शेजारणीची माहितीही ‘सत्य’ म्हणून आत येते. प्रश्न योग्य लिहिला आहे की नाही, हे ओळखण्याची खूण सोपी आहे: वहीतील काही तपशील त्या प्रश्नाने बाहेर पडले पाहिजेत. एकही बाहेर पडत नसेल, तर प्रश्न पुन्हा लिहावा.

भारतीय प्रेस परिषदेच्या पत्रकारितेच्या आचारनियमांतही हाच भेद आहे. खाजगीपणात शिरकाव करायचा तर त्याला खरेखुरे, वरचढ ठरणारे सार्वजनिक हित लागते. लोकांचे चवीचे किंवा विकृत कुतूहल त्यासाठी पुरत नाही. परिषद वृत्तपत्राला समज देऊ शकते, शिक्षा करू शकत नाही, आणि दूरचित्रवाहिन्या तिच्या कक्षेत येत नाहीत, हे इथेच नोंदवून ठेवतो, कारण उत्तरपत्रिकेत तिला न्यायालय समजून लिहिलेली वाक्ये दर वर्षी सापडतात.

दुसरी पायरी: जिथे तोलायचेच नाही, ते तपशील आधी बाजूला काढा

खाजगीपणा आणि सार्वजनिक हित यांचा तोल साधण्याची भाषा सर्वत्र चालत नाही. काही तपशिलांबाबत हा तोल विधिमंडळाने आधीच साधलेला आहे आणि संपादकाला तो पुन्हा मांडण्याची मुभा नाही. म्हणून तोलण्याआधी मनाईची यादी तपासावी.

आपल्या वहीत एचआयव्हीविषयीचा कागद या यादीत येतो. एचआयव्ही व एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण कायदा, २०१७ याच्या कलम ८ नुसार विश्वासाच्या नात्यातून मिळालेली अशी माहिती संबंधित व्यक्तीच्या माहितीपूर्ण संमतीशिवाय उघड करता येत नाही. अपवाद आहेत, पण ते उपचार, न्यायालयाचा आदेश अशा मर्यादित गरजांसाठी आहेत. वृत्तपत्र त्यांत नाही. कागद दाखवणाऱ्या कर्मचाऱ्याने कर्तव्यभंग केलेला आहेच, शिवाय तो छापणारा वार्ताहर त्या भंगाला हजारो वाचकांपर्यंत नेतो.

यावर एखादा हुशार विद्यार्थी १९९८ चा ‘मिस्टर एक्स विरुद्ध हॉस्पिटल झेड’ हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल पुढे करतो, आणि त्याने तो करावाच. त्या प्रकरणात रुग्णाची एचआयव्ही स्थिती रुग्णालयाकडून बाहेर गेली होती व त्याचे ठरलेले लग्न मोडले होते. जिच्याशी लग्न ठरले होते तिच्या आरोग्याला प्रत्यक्ष धोका असल्याने न्यायालयाने रुग्णालयाला दोषी धरले नाही. पण या निकालाचा आधार बारकाईने पाहावा. धोका विशिष्ट व्यक्तीला होता आणि सांगण्याने तो टळत होता. आपल्या उदाहरणात अन्नातून एचआयव्ही पसरतच नाही. म्हणजे टाळण्याजोगा धोकाच नाही, आणि वाचकांचा त्या माहितीवर कोणताही हक्क उत्पन्न होत नाही. २०१७ च्या कायद्यानंतर तर तो वाद उरतही नाही.

दुसरी मनाई मुलांविषयीची आहे. बाल न्याय कायदा, २०१५ याचे कलम ७४ गुन्ह्याचा बळी किंवा साक्षीदार असलेल्या बालकाचे नाव, पत्ता, शाळा किंवा ओळख पटवू शकेल असा कोणताही तपशील प्रसिद्ध करण्यास मनाई करते. भंग केल्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. मंगळवारी संध्याकाळी अजून गुन्हा दाखल झालेला नाही, म्हणून हे कलम तांत्रिकदृष्ट्या लागू नाही, असा युक्तिवाद करता येईल. पण बुधवारी गुन्हा दाखल झाला की तीच छायाचित्रे संकेतस्थळावर तशीच राहणार, हे लक्षात घेऊन संपादकाने मंगळवारीच निर्णय घ्यावा. शाळेचे नाव मात्र मी या टप्प्यावर छापेन. ९० मुलांपैकी ३८ मुलांना बाधा झाली असताना शाळेच्या नावावरून एकही विशिष्ट मूल ओळखता येत नाही, आणि त्या आहाराची जबाबदारी कोणावर होती, हे शाळेच्या नावाशिवाय कळत नाही. हे माझे वाचन आहे. कलमातील ‘शाळा’ हा शब्द दाखवून कोणी याच्या विरुद्ध बाजू मांडली तर तीही गैर नाही.

सलाईन लावलेल्या मुलांचे चेहरे मात्र नकोत. चेहरा धूसर करणे पुष्कळदा अपुरे पडते: खाटेशेजारी बसलेली आई, अंगावरचा ओळखीचा सदरा, खाटेवरचा क्रमांक यांतून गावात मूल कळतेच. पालकांनी ‘काढा फोटो’ म्हटले तरी ती परवानगी कलमातील मनाई उठवत नाही; ती सूट, मुलाच्या हिताची असल्यास आणि लेखी कारणे नोंदवून, चौकशी करणारे बाल न्याय मंडळ किंवा बालकल्याण समितीच देऊ शकते.

तिसरी पायरी: उरलेले तपशील कारणाच्या धाग्याने तपासा

आता तोलण्याजोगे तपशील उरले. प्रत्येकाला विचारायचा प्रश्न असा: हा तपशील पहिल्या पायरीतील प्रश्नाशी कोणत्या कारणाने जोडलेला आहे? येथे कायद्यापेक्षा विषयाचे ज्ञान कामास येते, आणि पत्रकार नेमका तिथेच घाई करतो.

हाताची जखम घ्या. वरवर पाहता हा बाईंच्या शरीराविषयीचा, म्हणजे खाजगी तपशील आहे. पण जखमेतील जिवाणू अन्नात जाऊन विष तयार करू शकतात, ते विष पुन्हा तापवल्यानेही सहज नष्ट होत नाही आणि त्यामुळे काही तासांतच उलट्या होतात. म्हणजे हा तपशील प्रश्नाशी थेट जोडलेला आहे. मात्र शिजवलेला भात बराच वेळ उघड्यावर राहिला तरी दुसऱ्या एका जिवाणूमुळे नेमका असाच त्रास, जवळपास तेवढ्याच वेळात होतो. नमुन्याचा अहवाल येईपर्यंत जखम ही केवळ एक शक्यता आहे. तेव्हा ‘स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीच्या हाताला जखम असल्याचे शाळेतील एका शिक्षकाने सांगितले, बाधेचे कारण अद्याप निश्चित नाही, अन्नाचे नमुने तपासणीसाठी पाठवले आहेत’ असे लिहिता येईल. ‘जखमी हाताने रांधले, मुले मरणाच्या दारात’ हा मथळा कारण सिद्ध झाल्याचे सुचवतो आणि तिथे बदनामीचा धोका सुरू होतो.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे जखम हा तपशील कोणाकडे बोट दाखवतो, हे पाहावे. आजारी किंवा जखमी व्यक्तीला त्या दिवशी चुलीपासून दूर ठेवण्याची व्यवस्था होती का? एका दिवसाचे मानधन बुडेल म्हणून बाई कामावर आल्या का? चव घेण्याची नोंद ९ दिवस का झाली नाही? ही नोंदवही या प्रकरणातील सर्वांत मोलाचा पुरावा आहे आणि तिच्यात कोणाचेही खाजगी काही नाही. चव घेणे हे शिक्षकाचे सार्वजनिक काम आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ च्या आर. राजगोपाल प्रकरणात सार्वजनिक अधिकाऱ्यांना त्यांच्या अधिकृत कामापुरता खाजगीपणाचा दावा नाकारला, तो या कोऱ्या पानांना नेमका लागू पडतो. मुख्याध्यापकांचे पदनाम, त्यांचे उत्तर आणि ९ दिवसांची रिकामी पाने ही बातमीची पहिली ओळ असायला हवी. वर्गात दर वेळी दिसते ते असे की निम्मे गट बाईंवर चार परिच्छेद खर्च करतात आणि नोंदवहीला शेवटच्या ओळीत ढकलतात.

नोंदवहीची प्रत अधिकृतपणे हवी असेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करावा लागेल. त्या कायद्याच्या कलम ८(१)(ञ) मधील वैयक्तिक माहितीचा अपवाद डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ ने बदलला असून हा बदल नोव्हेंबर २०२५ मध्ये अंमलात आला. पूर्वी त्या उपकलमातच सार्वजनिक हिताची कसोटी होती. ती आता तिथे नाही. त्यामुळे अर्जदाराने कलम ८(२) मधील, अजून कायम असलेल्या, व्यापक सार्वजनिक हिताच्या तरतुदीवर बोट ठेवून अर्ज लिहावा आणि मदतनिसांची नावे झाकून प्रत दिली तरी चालेल, असे आपणहून नमूद करावे. आपल्याला नावे नकोच आहेत.

जात, नवऱ्याने सोडणे आणि मुलावरचा गुन्हा यांना कारणाचा धागा सापडत नाही. जातीच्या बाबतीत केवळ निरुपयोगीपणा एवढाच मुद्दा नाही. आहार कोण शिजवते, यावरून मुलांनी किंवा पालकांनी जेवण नाकारल्याच्या घटना देशात घडलेल्या आहेत. अशा पार्श्वभूमीवर बाधेच्या बातमीत जात लिहिणे म्हणजे एका अपप्रचाराला पुरावा पुरवणे होय. मुलाविषयी प्रेस परिषदेचा नियम स्पष्ट आहे: आरोपीच्या निरपराध नातेवाइकांना विनाकारण ओळखू येईल असे लिहू नये. इथे तर उलट प्रकार आहे, मुलाच्या जुन्या गुन्ह्याने आईला डागाळायचे. आणि बाई तर अजून आरोपीही नाहीत.

चौथी पायरी: नाव, आणि नावाशिवाय पटणारी ओळख

मदतनीस बाईंचे नाव मंगळवारी छापावे का? माझे उत्तर नकारार्थी आहे. नावाने प्रश्नाचे उत्तर पुढे सरकत नाही; ‘स्वयंपाकी-मदतनीस’ या पदनामाने तेच काम होते. ही ‘कमीत कमी पुरेल तेवढे’ अशी कसोटी आहे: तोच सार्वजनिक अर्थ कमी इजा करणाऱ्या शब्दांत पोहोचत असेल, तर कमी इजेचा शब्द निवडावा.

इथे उत्तरपत्रिकांतील एक नेहमीची चूक सांगावीशी वाटते. विद्यार्थी लिहितात की खाजगीपणाला मूलभूत हक्क ठरवणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या पुट्टस्वामी निकालातील कायदेशीरपणा, उचित हेतू आणि प्रमाणबद्धता ही कसोटी वृत्तपत्राने पार केली पाहिजे. नऊ न्यायमूर्तींच्या त्या घटनापीठापुढचा मुख्य प्रश्न राज्यसंस्था आणि नागरिक यांच्यातील होता. खाजगी वृत्तपत्राविरुद्ध ती कसोटी जशीच्या तशी चालते असे गृहीत धरू नये. पुढे जानेवारी २०२३ मध्ये कौशल किशोर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने अनुच्छेद १९ व २१ मधील हक्क खाजगी व्यक्तींविरुद्धही मागता येतात असे म्हटले, पण त्याची व्यावहारिक चौकट अजून घडते आहे. प्रमाणबद्धतेची कल्पना संपादकीय शिस्त म्हणून उपयोगी आहे. ती ‘न्यायालयाने घालून दिलेली अट’ म्हणून लिहिणे चूक ठरेल.

नाव गाळले तरी ओळख पटणार नाही, असे मात्र नाही. गावात स्वयंपाकी-मदतनीस दोनच असतील तर गावाला सगळे माहीतच आहे. वार्ताहर यावर म्हणतो, मग लपवायचे कोणापासून? याचे उत्तर असे की गावाबाहेरच्या, आणि मुख्यतः पुढील दहा वर्षांत तिचे नाव शोधयंत्रात टाकून पाहणाऱ्या माणसापासून. पुढच्या वर्षी ती शेजारच्या गावात अंगणवाडीत काम मागायला जाईल तेव्हा शोधाच्या पहिल्या पानावर काय दिसेल, हा प्रश्न गावातील चर्चेपेक्षा वेगळा आहे.

रडणाऱ्या बाईंची चित्रफीत वापरू नये. ‘ती शाळेच्या आवारात, सर्वांसमोर होती’ आणि ‘ती आधीच फिरते आहे’ ही दोन कारणे दिली जातात. पहिल्याला उत्तर असे की माणूस रस्त्यावर दिसणे वेगळे आणि जमावाने कोंडलेल्या क्षणी त्याला कायमचे साठवून दाखवणे वेगळे. दुसऱ्याला उत्तर असे की गटांवर फिरणारी चित्रफीत अफवा असते. वृत्तपत्राच्या नावाखाली ती नोंद होते.

पाचवी पायरी: संबंधिताला विचारणे

बाईंची बाजू घेणे आवश्यक आहे, आणि ती घेण्याची रीत महत्त्वाची आहे. जमावासमोर माइक पुढे करणे म्हणजे विचारणे नव्हे. जमाव पांगल्यावर, बचत गटाच्या अध्यक्ष किंवा त्यांच्या विश्वासातील कोणी सोबत असताना, ‘मी अमुक वृत्तपत्रातून आलो आहे, तुम्ही बोललेले छापून येऊ शकते, नाव न देता लिहिता येईल, नाही बोललात तरी चालेल’ ही चार वाक्ये आधी सांगावीत. त्या ‘माझी चूक झाली’ असे म्हणाल्या तर ते वाक्य लगेच मथळ्यात नेऊ नये. भेदरलेला माणूस घेरावातून सुटण्यासाठी काहीही कबूल करतो. ‘चूक म्हणजे नेमके काय झाले?’ असे शांतपणे विचारले की बहुधा खरी माहिती मिळते: तांदळाला वास येत होता, मुख्याध्यापकांना सांगितले होते, आजचे भागवा म्हणाले. असे उत्तर आले तर संपूर्ण बातमीची दिशा बदलते, आणि बाई संशयिताच्या जागेवरून साक्षीदाराच्या जागेवर येतात.

आता तथ्ये बदलू

वर्गात खरी परीक्षा इथे सुरू होते. पहिला बदल: शुक्रवारी एका मुलाचा मृत्यू होतो आणि मदतनीस बाईंवर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली, निष्काळजीपणाने मृत्यूस कारणीभूत ठरल्याबद्दल, गुन्हा नोंदवला जातो. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानुसार संवेदनशील प्रकरणे वगळता प्रथम माहिती अहवाल संकेतस्थळावर टाकायचा असतो, म्हणजे नाव आता सार्वजनिक अभिलेखात आले. राजगोपाल निकालानुसार सार्वजनिक अभिलेखातील माहिती प्रसिद्ध करण्यास सर्वसाधारणपणे हरकत नाही. तेव्हा नाव छापणे आता कायदेशीर आहे. ते आवश्यकही झाले का, हा निराळा प्रश्न आहे आणि इथे वर्ग नेहमी दुभंगतो. माझे मत असे की नाव एकदा, साधेपणाने, ‘गुन्हा दाखल’ या शब्दांत येऊ शकते, पण त्यासोबत गुन्हा केवळ त्यांच्यावरच का, मुख्याध्यापकांवर का नाही, हा प्रश्न यायलाच हवा. नाहीतर वृत्तपत्र पोलिसांनी ठरवलेला बळीचा बकरा आपल्या हाताने बांधते. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने नीलेश नवलखा प्रकरणात तपास चालू असतानाच माध्यमांनी चालवलेले खटले न्यायदानात अडथळा ठरू शकतात असे म्हटले आहे. म्हणून ‘आरोपी’ आणि ‘दोषी’ यांतील अंतर मथळ्यातही राखावे. मृत मुलाचे नाव पालक स्वतः सांगत असले तरी कलम ७४ मध्ये मृत बालकासाठी वेगळी सूट लिहिलेली नाही. प्रत्यक्षात वृत्तपत्रे नावे छापतात, पण प्रथा म्हणजे कायदा नव्हे, एवढे उत्तरपत्रिकेत नोंदवावे.

दुसरा बदल: तांदळाचा पुरवठा करणारा ठेकेदार समोर येतो. तो कोणत्याही पदावर नाही, म्हणजे खाजगी व्यक्ती आहे. पण ‘खाजगी व्यक्ती’ हा माणसावर कायमचा मारलेला शिक्का नसतो. ती स्थिती विषयागणिक बदलते. सरकारी पैशाने केलेला पुरवठा, निविदा, नाकारलेले नमुने, आधीचे दंड या बाबतीत त्याला खाजगीपणाचा आडोसा घेता येत नाही आणि त्याचे नाव छापण्याचे कारण बाईंच्या नावापेक्षा कितीतरी भक्कम आहे. त्याच ठेकेदाराचा कौटुंबिक न्यायालयातील घटस्फोटाचा दावा मात्र पूर्ण खाजगी आहे. हिंदू विवाह कायद्याचे कलम २२ अशा कामकाजाचे वृत्त छापण्यासच मनाई करते. वर्गात मी हे दोन तपशील एकाच फळ्यावर शेजारी लिहितो, कारण मानधनावरची बाई आणि पैसेवाला ठेकेदार यांतील एकाविषयी दया आणि दुसऱ्याविषयी राग येऊन कसोटी वाकते. कसोटी दोघांना तीच.

तिसरा बदल सर्वांत अवघड आहे. शनिवारी त्याच शाळेतील एका मुलीच्या पालकांकडून लैंगिक छळाची तक्रार येते आणि पोक्सो कायद्याखाली गुन्हा नोंदवला जातो. त्या कायद्याच्या कलम २३ मध्ये मुलाचे नाव, पत्ता, छायाचित्र, कुटुंबाचा तपशील, शाळा, शेजार असे सगळे शब्द स्पष्टपणे लिहिलेले आहेत. पण शाळेचे नाव आपण मंगळवारीच छापले आहे. आता ‘विषबाधा झालेल्या त्याच शाळेत’ असे शब्द लिहिले की वाचक दोन बातम्या जोडतो. वयासह ‘पाचवीतील’ असे लिहिले की त्या लहान गावात पाच-सहा मुलींवर संशय स्थिरावतो आणि ‘आजारी पडून नुकतीच घरी आलेली’ एवढे जोडले की एकच मुलगी उरते. प्रत्येक तपशील एकटा निरुपद्रवी असतो. जोड झाली की ओळख पटते. म्हणून अशा बातमीचा मसुदा तपासताना, त्या गावातील एखाद्या शिक्षकाने तो वाचला तर मुलगी ओळखेल का, असा प्रश्न विचारावा. ओळखेल असे वाटले तर तालुका एवढीच जागा लिहावी, इयत्ता काढावी, आरोपीचे मुलीशी असलेले नातेही काढावे आणि पहिल्या बातमीचा दुवा खाली देऊ नये. आपला स्वतःचा दुसरा वार्ताहर, दुसरी आवृत्ती, किंवा संकेतस्थळाच्या आपोआप लागणाऱ्या ‘संबंधित बातम्या’ हीच इथली सर्वांत मोठी गळती असते. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ च्या निपुण सक्सेना प्रकरणात नाव न घेताही ओळख पटेल असे काही छापण्यास मनाई केली. त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाने कठुआ प्रकरणातील बालिकेची ओळख उघड करणाऱ्या माध्यमसंस्थांना प्रत्येकी १० लाख रुपये भरायला लावले होते.

सहावी पायरी: छापून झाल्यावर

चौथा आणि शेवटचा बदल काळाचा आहे. सात वर्षांनंतर मदतनीस बाई निर्दोष सुटतात आणि जुनी बातमी काढून टाका अशी विनंती करतात. न्यायालयांचा सूर इथे एकसारखा नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये निर्दोष सुटलेल्या एका व्यक्तीच्या बाबतीत निकालाची प्रत शोधयंत्रातून हटवण्याचा अंतरिम आदेश दिला. त्याच वर्षी मद्रास उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी तशी विनंती नाकारली, २०२४ मध्ये त्याच न्यायालयाच्या खंडपीठाने ती मान्य केली आणि जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली. ही प्रकरणे न्यायालयीन अभिलेखांविषयी होती, वृत्तपत्राच्या बातमीविषयी नव्हेत, हाही फरक लक्षात ठेवावा. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात पत्रकारितेसाठी स्वतंत्र सूट नाही. २०१८ आणि २०१९ च्या मसुद्यांत ती होती. त्यामुळे अशा विनंत्यांचा कायदेशीर पाया येत्या काळात बदलू शकतो.

संपादकाने न्यायालयाची वाट पाहण्याची गरज नाही. बातमी पूर्ण पुसल्यास कोऱ्या नोंदवहीचा, ठेकेदाराचा आणि मुख्याध्यापकांचाही अभिलेख पुसला जातो, म्हणून मी ती पुसणार नाही. बाईंचे नाव काढून तिथे पदनाम ठेवावे, नाव मथळ्यात किंवा पानाच्या दुव्यात असेल तर तेही बदलावे, नाव शोधल्यावर हे पान दिसू नये अशी तांत्रिक विनंती शोधयंत्राकडे करावी आणि बातमीच्या माथ्यावर, तळाशी नव्हे, एक टीप द्यावी: ‘या प्रकरणातील स्वयंपाकी-मदतनीस न्यायालयात निर्दोष सुटल्या आहेत. त्यानुसार मूळ मजकुरातील त्यांचे नाव काढले आहे. इतर मजकूर प्रसिद्ध झाला तसा आहे.’ टिपेखाली बदलाची तारीख लिहावी. ठेकेदाराने हीच विनंती केली तर नाव काढण्याआधी निकालपत्र मागवून त्याची सुटका कोणत्या कारणाने झाली, पुरवठ्याबाबत न्यायालय काय म्हणते, हे वाचावे लागेल, कारण त्याचे नाव छापण्यामागचे कारण निराळे होते.